साला नी नारद

गोपाळरावांना मी शिवी दिलेली नाही. द्यायची असती तर तोंडावर दिली असती, आणि एका शब्दात भागवलंही नसतं. उभी हयात झाशी स्टेशनच्या तिकीट खिडकीवर बसून काढली आहे मी. शिव्या कशा खायच्या आणि कशा परत करायच्या, हे मला मंडळाच्या अध्यक्षांकडून शिकायची गरज नाही.

झालं ते असं. आमचं इथं एक मराठी मंडळ आहे. जुनी घराणी, ज्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. शिवाय बबिन्याच्या छावणीत बदली होऊन आलेली लष्करातली कुटुंबं. सगळ्यांचा मिळून फोनवर एक ग्रुप. अध्यक्ष गोपाळराव, निवृत्त वकील. त्यांचा अमृतमहोत्सव होता म्हणून सत्कार ठरला, आणि सूचना पाठवायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. मी कमलिनी, मंडळाची सहचिटणीस. सूचना पाठवण्यापलीकडे या पदाला काही काम नाही, पण तेवढं मी मन लावून करते.

माझा उजवा हात थरथरतो. एक अक्षर दाबायला जावं तर शेजारची तीन दाबली जातात. म्हणून मी फोनशी बोलते आणि फोन लिहितो. त्या सकाळी मी स्वच्छ आवाजात बोलले, "अध्यक्ष गोपाळरावांना शाल आणि नारळ देऊन सत्कार, उद्या संध्याकाळी पाच वाजता." शेजारी कुकरने शिट्टी दिली, मी बाण दाबला, आणि ग्रुपवर गेलं ते हे:

"अध्यक्ष गोपाल राव ना साला नी नारद देवन सत्कार विद्या संध्या काली पाँच बजता."

माझी सून रश्मी जवळच्या समथर गावची, हिंदी बोलणारी. लग्नाला बारा वर्षं होऊनही तिच्या तोंडून मराठी वाक्य सरळ बाहेर पडत नाही, पण समजतं सगळं. ती पोळ्या लाटता लाटता फोन बघत होती. आधी तिच्या हातातलं लाटणं थांबलं, मग ती ओट्याला टेकली.

"अम्मा," ती म्हणाली, "ये विद्या, संध्या और काली कौन हैं? इनको भी बुलाया है क्या?"

आणि मग "साला" दिसला. ती इतकी हसली की तव्यावरची पोळी जळली.

मी घाईघाईनं खाली दुरुस्ती पाठवली. आधी चांदणी आणि पुढे बरोबर शब्द, जशी आजकाल पद्धत आहे: "*शाल आणि नारळ". झालं. तोवर ज्यांच्या लक्षात आलं नव्हतं, तेही वर जाऊन शोधू लागले की काय चुकलं होतं. नुसती चूक एकदा हसवते, तिची दुरुस्ती दुसऱ्यांदा हसवते. मिनिटभरात ग्रुपवर हसण्याच्या चेहऱ्यांची रांग लागली. बबिन्याहून शिवाजी सुभेदारांनी विचारलं, "संध्या आणि काली येणार असतील तर खुर्च्या वाढवू का?"

गोपाळराव हसले नाहीत. दुपारी त्यांचा उजवा हात, म्हणजे आमचा चिटणीस सुजय, याचा संदेश आला. सत्कार स्थगित. येत्या रविवारी सभा. विषय दोन: एक, सहचिटणीसांनी अध्यक्षांची लेखी माफी मागणे, शुद्ध मराठीत. दोन, ग्रुपला कुलूप. म्हणजे ग्रुपमध्ये संदेश फक्त चालकांनी पाठवायचा, बाकीच्यांनी वाचायचा. कोणाला काही सांगायचं असेल तर आधी सुजयला पाठवायचं, तो शुद्ध करून पुढे टाकेल.

मी तो संदेश दोनदा वाचला आणि माझं डोकं फिरलं. नारळ मी रश्मीला दिला आणि सांगितलं, चटणी कर.

पण खरं सांगते, रागाच्या खाली भीती होती. मुलगा रेल्वेत, आठवड्यातले चार दिवस बाहेर. घरात बोलणं सगळं हिंदीत. नगऱ्यातल्या आमच्या गल्लीत भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे हिंदी नाहीतर बुंदेली. हे गेल्यापासून मराठीत मला "जेवलीस का?" विचारणारं कोणी उरलेलं नाही. दिवसभरात माझ्या तोंडून मराठी निघते ती त्या ग्रुपसाठी. तो बंद झाला असता तर माझी भाषा माझ्या तोंडातच पडून राहिली असती. तेव्हा गंमत बाजूला ठेवून सांगते, मला तो ग्रुप हवा होता. माझा हक्काचा हवा होता, सुजयच्या चाळणीतून गाळलेला नको होता.

सुजय संध्याकाळी घरी आला. पोरगा वाईट नाही. क्लास चालवतो, मुलांना व्याकरण शिकवतो, त्यामुळे त्याला जगात सगळीकडे लाल पेन दिसतं.

"काकू, तुमच्या फोनची सेटिंगच ग़लत है," तो म्हणाला. "व्हॉइस टायपिंग हिंदीवर आहे. तुम्ही मराठी बोलता, तो हिंदी समजून लिहितो. मराठीवर करून देतो, प्रॉब्लेम खत्म."

"मला काय माहीत नाही?" मी म्हटलं. "कर मराठीवर. कर, आणि फोन माझ्याकडे दे."

त्याने केलं. मंडळातल्या शशिकलाताईंना एरवी पाठवते तसं मी फोनला म्हटलं, "शशिकलाताई, बस मिळाली नाही तर सदर बाज़ार से ऑटो पकड़ लो, मैं गेट पे खड़ी हूँ, काळजी करू नका." फोनने पहिला आणि शेवटचा तुकडा सुरेख लिहिला आणि मधल्याची खिचडी केली.

"मग असं हिंदी मिसळून बोलता कशाला?" सुजय म्हणाला.

"तू आत्ता काय बोललास? 'प्रॉब्लेम खत्म' ही कुठली मराठी?"

मग मी त्याला समजावलं, कारण हे फोनचं प्रकरण मी बारकाईनं पाहिलेलं आहे. बोलताना पडद्याकडे बघत राहा. फोन आधी एक शब्द लिहितो, पुढचा ऐकला की मागचा बदलतो, वाक्य संपेपर्यंत त्याची उलथापालथ चालू असते. तो नुसता आवाज ऐकत नाही. या आवाजासारखे कोणते शब्द आपल्याला ठाऊक आहेत, आणि ते एकापुढे एक बहुधा कसे येतात, याचा अंदाज बांधतो. हिंदीवर ठेवलेल्या फोनच्या पोतडीत "उद्या" नाही, "ळ" तर नाहीच नाही. म्हणून "उद्या संध्याकाळी" ऐकल्यावर त्याने आपल्या पोतडीतल्या तीन बायका काढून दिल्या. चूक आहे, पण अंदाधुंद नाही. आवाज जवळपास तोच ठेवून त्याने अर्थाचा बट्ट्याबोळ केला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे करताना त्याचा चेहरा ढिम्म.

हसू येतं ते त्या ढिम्मपणाचं. फेटा बांधून, छाती काढून मंडपात शिरलेल्या मामाच्या पायात दोन वेगळ्या चपला असाव्यात आणि त्याला त्याचा पत्ता नसावा, तसं. माणूस चुकला तर अडखळतो, जीभ चावतो. फोन बेधडक लिहून मोकळा होतो. वाचणाऱ्याला चुकीचा शब्दही दिसतो आणि म्हणायचं काय होतं तेही कळतं, दोन्ही एकदम. ते त्याने स्वतः शोधून काढलेलं असतं, म्हणून त्याला स्वतःच्या हुशारीचाही आनंद होतो. आणि कोणाचाच दोष नसतो, त्यामुळे हसताना मन खात नाही.

"दोष नाही कसा? अध्यक्षांचा अपमान झाला," सुजय म्हणाला.

"नावाच्या पुढची ओळ पाठवण्याआधी वाचायला हवी होती, इतकं कबूल. तेवढं मी त्यांना फोन करून सांगितलं. त्यांनी फोन आपटला. आता लेखी मिळणार नाही."

सुजय गेला तेव्हा चहा तसाच राहिला होता.

सभा रविवारी होती आणि कुलूप तोवर लागलेलं नव्हतं. म्हणून मी ठरवलं, हे दिवस मी गप्प बसून घालवणार नाही. रोज सकाळी ग्रुपवर बोलणार, आणि फोन हिंदीवरच ठेवून बोलणार.

पण आंधळेपणानं नाही. पाठवण्याआधी मी संदेश वाचायला लागले. वेळ, वार, पत्ता, माणसाचं नाव, औषध, यांत फोनने काही केलं असेल तर मी थरथरत्या बोटानं का होईना, अक्षर अक्षर टिपून ते सुधारत असे. शशिकलाताईंच्या दिरांच्या निधनाची सूचना मी पूर्ण हाताने लिहिली, अर्धा तास लागला. तिथे गंमत चुकूनही शिरता कामा नये. बाकी ठिकाणी, जिथे चूक माझ्याच अंगावर येत होती आणि अर्थ पोचत होता, तिथे ती मी तशीच जाऊ दिली. सोबत हसरा चेहरा लावला नाही, "फोनने बघा काय केलं" असं लिहिलं नाही. पाठवायचं आणि गप्प बसायचं. कोणी हसायला लागलं की मग शांतपणे चांदणी लावून बरोबर शब्द टाकायचा, एकच शब्द, खुलासा नाही. गंमत समजावून सांगितली की मेली.

हे सगळ्यांना जमतं असं नाही. सदर बाज़ारात चष्म्याचं दुकान असलेल्या मकरंदने मुद्दाम एक चूक रचून पाठवली. "सर्वांना सुप्रभात" ऐवजी "सर्वांना सुपारीभात", पुढे हसण्याचे आठ चेहरे. कोणी हूं की चूं केलं नाही. सगळ्यांना कळलं की ही फोनची करणी नाही. फोन शब्दाशी खेळत नाही, तो आपल्या परीने मदत करायला जातो आणि तोंडावर पडतो. मकरंद नुसताच पडून दाखवत होता.

त्याच आठवड्यात मला भावनाचा फोन आला. भावना साताऱ्याकडची, नवरा लष्करात, बबिन्याला क्वार्टर. नवरा सहा-सहा महिने सीमेवर. पूर्वी ती ग्रुपवर बोलायची, मग एकदम गप्प झाली होती. कारण मला आठवत होतं. ती रोमन अक्षरांत मराठी लिहिते. पाडव्याला तिने लिहिलं होतं की मंडळासाठी पुरणपोळी आणते, आणि तिच्या फोनने "पोळी"चा "पोलिओ" केला. लोक हसले. तीही हसली असती, पण सुजयने खाली भाषाशुद्धीवर मोठा परिच्छेद लिहिला.

"काकू, आठ वाक्यं लिहिते आणि आठही पुसते," भावना म्हणाली. "परवा 'आहे' लिहिलं तर त्यानं 'शी' करून टाकलं. काय करू?"

"अगं, ए अक्षराच्या शेजारी एस आहे. फोनला वाटलं तुझं बोट घसरलं. त्याला इंग्रजीतला 'शी' माहीत, तुझा 'आहे' माहीत नाही. मोकळी जागा दाबलीस की तो बदलतो. बदलला की लगेच मागे जायचं बटण एकदा दाब, तुझा शब्द परत येतो. नाहीतर अक्षरांच्या वरच्या पट्टीवर तुझाच शब्द दिसतो, त्याच्यावर बोट ठेव. दोन-चारदा केलंस की शिकतो तो."

"शिकला की गंमत जाईल हो," ती म्हणाली, आणि मग म्हणाली, "काकू, इथं क्वार्टरमध्ये मी दिवसभर कोणाशीच बोलत नाही. रविवारी कुलूप लागलं तर?"

मी तिला म्हटलं, "तू ये. बाकीचं माझ्यावर सोड."

शनिवारी सुजयने सभेची सूचना पाठवली. "सर्व सन्माननीय सभासदांस सविनय सूचित करण्यात येते की" इथून सुरू झालेलं वाक्य तीन ओळींनी संपलं. एक चूक नव्हती. रात्रीपर्यंत मला सात फोन आले, सभा किती वाजता आहे ते विचारायला.

रविवारी सदर बाज़ारातली मंडळाची खोली भरली. इतकी माणसं गणपतीलाही येत नाहीत. रश्मीही आली, म्हणाली, "अम्मा, मैं तो देखूँगी." गोपाळराव कोट घालून मधल्या खुर्चीवर, शेजारी सुजय, समोर टेबलावर पाण्याचा तांब्या.

आमच्या मंडळात एक जुना रिवाज आहे. कोणत्याही लिखाणाबद्दल तक्रार असेल तर तक्रार करणाऱ्याने ते लिखाण सभेत उभं राहून स्वतः मोठ्यानं वाचायचं, आणि मग तक्रार मांडायची. कुणी दुसऱ्याकडून ऐकून भांडण आणू नये म्हणून आमच्या आजोबांच्या पिढीने तो घातला. गोपाळराव वकील, रिवाजाचे पक्के. त्यांनी चष्मा चढवला, फोन हातभर लांब धरला, आणि कोर्टात पुरावा वाचावा तसे न थांबता, एका दमात वाचून गेले:

"अध्यक्षगोपालरावनासालानीनारददेवनसत्कारविद्यासंध्याकालीपाँचबजता."

मग मागच्या बाजूला बसलेली जाई, मकरंदची मुलगी, जिला मराठी येते पण बोलायची लाज वाटते, ती म्हणाली, "अरे, ये तो शाल आणि नारळ सुनाई दे रहा है!"

खरंच तसं ऐकू आलं होतं. डोळ्याला साला आणि नारद दिसत होते, पण गोपाळरावांच्या जुन्या झाशीकर घराण्याच्या जिभेवरून तेच शब्द सलग गेले तेव्हा बाहेर आलं ते बरंचसं मीच बोललेलं वाक्य. जागच्या जागी! मुळात फोनने आवाजच तर उतरवून घेतला होता. कानाला तो परत मिळाला. सगळी खोली हसली. रश्मी पुन्हा वाचायला लागली, मग शिवाजी सुभेदार, मग पोरं. जो तो ओठ हलवून वाचून बघत होता, आणि ज्या पोरांच्या तोंडून वर्षभरात एक मराठी वाक्य निघत नाही, ती "शाल आणि नारळ देऊन सत्कार" असं एकमेकांना म्हणून दाखवत होती.

गोपाळराव लाल झाले. "शांतता! अपमान वाचण्यात नसतो, लिहिण्यात असतो. कमलिनीबाई, माफी लिहून आणलीत?"

"नाही."

"का?"

"कारण चूक झाली ती मी फोनवर सांगितली. तुम्ही ऐकली नाहीत. आता तुम्हाला जे लेखी हवंय ती माफी नाही, तो दाखला आहे. की ज्यांना नीट लिहिता येत नाही त्यांनी तोंड उघडू नये. तसा दाखला मी देणार नाही."

"भाषेची काही शान असते की नाही?" गोपाळराव गरजले. "अडीचशे वर्षं सांभाळली आम्ही ती इथं!"

"सांभाळली कशी? बोलून सांभाळली ना? आपल्या आज्या स्वयंपाकघराला 'चौका' म्हणायच्या, 'रसोई' म्हणायच्या, त्यांना कोणी ग्रुपबाहेर काढलं नाही. मी फोनशी मराठी बोलते तेव्हा तो बिचारा चुकतो. गप्प बसले तर चुकणार नाही. शुद्ध मराठी हवी असेल तर सगळ्यात सोपा उपाय तोच, गप्प बसायचं. पण मी बसणार नाही."

मागून कोणी टाळी वाजवली. गोपाळरावांनी टेबलावर हात आपटला. तांब्यातलं पाणी हिंदकळलं.

"सुजय! अध्यक्षाच्या अधिकारात सांगतो. लाव कुलूप. आत्ता."

सुजयने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि फोनवर बोट ठेवलं. खोलीभर फोन किणकिणले. मी माझा काढला. खाली जिथे लिहायची जागा असते, माइकचं चित्र असतं, तिथे फक्त एक ओळ होती: केवळ चालकच संदेश पाठवू शकतात. इतक्या सहज होतं हे, असं वाटलं. एक बोट ठेवलं आणि म्हातारीचं तोंड बंद.

मग मला वाटलं, बंद कुठं झालंय? तोंड तर माझ्याच चेहऱ्यावर आहे.

मी फोन तोंडासमोर धरला, जसा रोज धरते, आणि बोलले. मोठ्यानं, खिडकीच्या काचेतून रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. "नमस्कार मंडळी. मी कमलिनी, नगऱ्याहून. आज सकाळी चहात साखरेऐवजी मीठ पडलं. मुलगा दोन दिवसांनी घरी आला आणि काही न बोलता पिऊन गेला. मला वाईट वाटलं. बाकी ठीक. तुमचं काय?"

कोणाला काही समजेना. गोपाळराव म्हणाले, "हे काय चाललंय?"

"संदेश पाठवतेय," मी म्हटलं. "ग्रुपवर जागा नाही, म्हणून इथं."

तेवढ्यात भावना उभी राहिली. तिने फोन माझ्यासारखाच तोंडासमोर धरला होता. "मी भावना, बबिन्याहून. गेल्या महिन्यात मला ताप होता. मी लिहिलं होतं, कोणी येईल का. मग पुसलं. पाठवायचं राहिलं, ते आत्ता पाठवते."

शशिकलाताईंनी डोळ्याला पदर लावला. सुजयने मान खाली घातली.

मग शिवाजी सुभेदार उठले. "मी शिवाजी. माझ्या लेकीला मुलगा झाला. लिहिताना चुका होतात म्हणून कळवलं नव्हतं."

"मैं रश्मी," माझी सून उभी राहिली, आणि मला धक्का बसला. ती मराठीत बोलत होती. मोडकंतोडकं, पण मराठीत. "मी बारा साल से... बारा वर्षे पासून... समजते सगळे. बोलत नाही. अम्मा हसतील म्हणून. अम्मा हसत नाही. मला माहीत आहे आता."

मी तिच्याकडे बघून मान डोलावली.

आणि मग धरणच फुटलं. मकरंद, जाई, दोन-चार पोरं, मागच्या रांगेतल्या बायका, सगळे एकदम उठले. कोणी फोन धरून, कोणी तसेच. कोणी बदलीचं सांगत होतं, कोणी गुडघेदुखीचं, कोणाला लाडूच्या पाकाचं विचारायचं होतं, एक पोरगी परीक्षेत नापास झाल्याचं हिंदीत सुरू करून मराठीत संपवत होती. कोण कोणाशी बोलतंय ते कळेना. हिंदी, मराठी, बुंदेली, सगळं एकमेकांवर आदळत होतं. बाहेर सदर बाज़ारातले लोक थांबून खिडकीतून डोकावायला लागले. गोपाळराव "शांतता, शांतता" म्हणत होते आणि त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाही ऐकू येत नव्हता.

शेवटी त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

"सुजय!" ते ओरडले. "उघड रे ते कुलूप! उघड! कानठळ्या बसल्या इथं!"

सुजय जणू वाटच बघत होता. फोन पुन्हा किणकिणले. खोलीतला गोंधळ हळूहळू खाली बसला, लोक खुर्च्यांवर बसले, आणि बऱ्याच जणांची बोटं फोनवर चालायला लागली. मी भावनाच्या शेजारी जाऊन बसले. तिचा हात थंड होता. तो मी माझ्या थरथरणाऱ्या हातात धरला.

गोपाळराव पाणी प्यायले, मग त्यांनी चष्मा पुसला, कोट नीट केला. सभा सुटायच्या आधी त्यांना अध्यक्षपण सावरायचं होतं. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, कमलिनीबाई. पण माफीचं काय?"

"द्या," मी म्हटलं. "मी घेते."